सन्नाटा, सत्तर रुपये आणि माझा बायको

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खजिनदारांनी सकाळी यादी टाकली: मेंटेनन्स थकवलेले अमुक अमुक फ्लॅट, महिनाअखेरपर्यंत भरावे ही विनंती. एरवी ‘शुभ सकाळ’ म्हणून फुलांचे फोटो टाकणाऱ्या मंडळींनीही तोंडात गुळणी धरली. दुपारपर्यंत चिडीचूप. मग कुणीतरी एक चित्र टाकलं. पांढरी दाढी, हातात काठी, नजर कुठेच नाही असा म्हातारा, आणि खाली ओळ: ‘इतना सन्नाटा क्यूँ है भाई?’ लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात आघाडीवर थकबाकीदारच होते.

ही ओळ आपण इतक्या वेळा पाहिली आहे की ती मुळात कुठे बोलली गेली हे आठवायला थोडं थांबावं लागतं. ‘शोले’, १९७५. गावातल्या मशिदीचे अंध इमाम, म्हणजे ए. के. हंगल. त्यांचा मुलगा अहमद नोकरीसाठी जबलपूरला निघालेला असतो. वाटेत तो गब्बरच्या तावडीत सापडतो आणि त्याचं प्रेत घोड्यावर घालून गावात पाठवलं जातं. सगळा गाव भोवती जमतो. प्रत्येकाला दिसतंय, बोलायची हिंमत कुणालाच नाही. तेवढ्यात काठी टेकत इमाम येतात. त्यांना दिसत नाही, फक्त माणसं असूनही आवाज नाही एवढं जाणवतं, आणि ते विचारतात. अख्ख्या चित्रपटात इतका जीव कासावीस करणारा क्षण दुसरा नाही. आणि आज तोच क्षण मेंटेनन्सच्या थकबाकीवर हशा मिळवतोय.

यावर ‘लोकांना संवेदनाच उरली नाही’ असा शेरा मारून मोकळं होता येतं. पण त्या वाक्याची घडण पाहिली की गंमत कळते. ‘इतना’ म्हणजे किती, ते सांगितलेलं नाही. शांतता कुठे आहे, कुणाची आहे, कशामुळे आहे, काहीच नाही. ना गावाचं नाव, ना अहमदचं, ना गब्बरचं. ‘भाई’ म्हणजे समोर असेल तो कुणीही. वाक्यातल्या सगळ्या जागा रिकाम्या आहेत, आणि त्या भरायचं काम दृश्याकडे सोपवलं आहे. चित्रपटात त्या जागा मृत्यूने भरतात. सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सने, ऑफिसात ‘या रविवारी कोण येऊ शकेल?’ या साहेबांच्या प्रश्नाने, घरात दहावीच्या निकालाने.

जागा रिकाम्या असल्या तरी एक गोष्ट मात्र पक्की आहे, ती म्हणजे माणसांची मांडणी. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही, आणि एकजण विचारतोय. ही मांडणी जिथे जिथे आहे तिथे ती ओळ बसते, विषय कोणताही असो. फरक एवढाच की चित्रपटात विचारणाऱ्याला खरोखर माहीत नसतं आणि ग्रुपवर चित्र टाकणाऱ्याला सगळं माहीत असतं. त्याच्या स्वतःच्या दोन महिन्यांचा हिशेबही त्या यादीत असू शकतो. आंधळ्याचं सोंग घेतल्याचा जो खट्याळपणा आहे, हसू त्याचं येतं. दुःख मागे राहिलं, मांडणी पुढे गेली.

मला वाटतं, एखादा संवाद फिरता होतो की नाही हे त्याच्या चटकदारपणापेक्षा या मांडणीवर जास्त ठरतं. ‘शोले’चंच पाहा. त्याच्या संवादांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका पॉलिडोर कंपनीने काढली होती आणि गणेशोत्सवात, लग्नाच्या मांडवात गाण्यांसारखी ती लोकांनी वाजवली. त्यामुळे मोठमोठे संवाद लोकांना तोंडपाठ होते. तरी आज चित्राखाली येतात ते मोजकेच. ‘तुम्हारा नाम क्या है, बसंती?’ हा त्यातला माझा आवडता. बसंतीने बडबड करता करता स्वतःचं नाव सतरा वेळा घेतलेलं असतं, आणि तिने विचारलं म्हणून जय थंडपणे हा प्रश्न टाकतो. उत्तर प्रश्नातच आहे. आता ग्रुपवर ‘सायंकाळी ६च्या मीटिंगची वेळ काय?’ असं कुणी विचारलं की दुसरं काही लिहायलाच नको. या वाक्यात तर बसंती हे विशेषनाम आहे, तरी अडत नाही, कारण फिरतोय तो प्रश्नाचा वेडेपणा.

‘कितने आदमी थे?’ मात्र लोक सर्रास चुकीच्या जागी वापरतात. कुणाच्या लग्नाला आठशे पान उठलं, की टाकली ओळ. ती तिथे पडते. का? चित्रपटात गब्बर हरून आलेल्या आपल्या माणसांना विचारतो आणि उत्तर येतं, ‘दो, सरदार.’ म्हणजे दोघांनी तिघांना पळवून लावलं. आकडा लहान, नामुष्की मोठी, आणि विचारणाऱ्याला दोन्ही आधीच माहीत. दोन पाहुण्यांनी घरातलं सगळं श्रीखंड फस्त केलं आणि आजीने सुनेला विचारलं, तर ती ओळ चपखल बसेल. आठशे पानांत ना हार आहे ना नामुष्की, नुसती मोजदाद आहे. ओळ बसली की नाही हे ओळखायची खूण हीच: मूळ दृश्यात कोण वर होता, कोण खाली, हे नव्या प्रसंगात तसंच उतरलं पाहिजे. जाता जाता, ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ असं वाक्य गब्बरने म्हटलेलंच नाही. सांबाला तो इनामाचा आकडा विचारतो, आणि माणसं किती होती हे कालियाकडून काढून घेतो. लोकांनी दोन्ही वाक्यं जोडून एक केलं, कारण सांबाची हाक आली की गब्बर लगेच ओळखू येतो. फिरत्या ओळीला एवढी डागडुजी चालते.

आता त्या अहमदकडे परत येऊ. तो होता सचिन पिळगावकर. तेरा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच सचिनने ‘अशी ही बनवाबनवी’ दिग्दर्शित केला, आणि मराठी माणसाच्या मोबाइलमधली अर्धी चित्रं तिथून आली आहेत. कथा मूळची नाही. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून ती घेतली. संवाद मात्र अस्सल इथले, वसंत सबनीसांचे. म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे सबनीस. त्या वगाच्या प्रयोगात दादा कोंडके त्या त्या दिवसाचे, त्या त्या गावाचे विषय घुसवायचे आणि लोक ते ऐकायलाच पुन्हा पुन्हा यायचे. लोकनाट्यातली बतावणी अशीच चालते: चौकट ठरलेली, आत घालायचा माल रोजचा ताजा. ज्या लेखकाचा हात या प्रकारावर बसला, त्याच्या वाक्यात पुढच्या माणसासाठी जागा राहणारच, असा माझा अंदाज आहे.

‘हा माझा बायको पार्वती’ घ्या. भाड्याने खोली मिळावी म्हणून दोन मित्रांना साड्या नेसवलेल्या, आणि घरमालकिणीपुढे ओळख करून देताना धनंजय मान्यांची जीभ घसरते. लबाडी ‘हा’ आणि ‘बायको’ यांच्या फटीतून बाहेर डोकावते. अशोक सराफांचा चेहरा त्या क्षणी असा आहे की आपण पकडलो गेलो आहोत हे त्यांना कळलंय, पण गाडी आता मागे घेता येत नाही. या वाक्याची मांडणी काय? एक वस्तू दुसरीच म्हणून खपवली जातेय, आणि खपवणाऱ्याचाच आवाज कच्चा आहे. म्हणून हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून ‘थ्री बीएचके’ म्हणून दाखवलेल्या फ्लॅटच्या फोटोखाली ते बसतं. मित्राने नेटवरून जसाच्या तसा उतरवलेला प्रकल्प सरांपुढे ठेवला, तिथेही बसतं. रेस्तराँत पाव-भाजीला इंग्रजी नाव आणि चौपट दर लावलेल्या मेनूखाली तर हमखास. या तीन गोष्टींत एरवी काडीचं साम्य नाही.

‘सत्तर रुपये वारले’ची तऱ्हा थोडी निराळी. औषध आणून देईन म्हणून घेतलेले पैसे परत मागायला माणूस उभा, आणि उत्तर असं की औषध देणारा मित्र वारला, सबब पैसेही वारले. एकदम दुखवट्याच्या आवाजात. समोरच्याला रागवायचं असतं, पण मयताच्या बातमीपुढे रागावणार कसं? भाड्याची खोली सोडल्यावर डिपॉझिट परत न आलेल्या कुणालाही हा आवाज ओळखीचा वाटेल. आणि गंमत म्हणजे बुडालेली रक्कम चाळीस हजार असली तरी लोक ओळीत सत्तरच ठेवतात. खरा आकडा घातला की ती तक्रार होते. सत्तर ठेवले की निदान हसता येतं, आणि समोरच्यालाही उत्तर द्यायला तोंड राहतं.

उलट, ज्या वाक्यात विषयच ठासून भरला आहे त्याचा पल्ला मर्यादित. ‘दामिनी’मधलं (१९९३) ‘तारीख पे तारीख’ जोरकस आहे, पण ते दिरंगाईपुरतंच. बिल्डरने ताबा पुढे ढकलला, पासपोर्टचं काम रखडलं, गवंडी उद्या येतो म्हणाला, की ते हजर. दिरंगाई नसेल तिथे ते जागचं हलत नाही. ‘सन्नाटा’ला असं कुंपण नाही.

एका जागी मात्र ‘सन्नाटा’लाही बंदी आहे. ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी आली आणि काय लिहावं ते न सुचून सगळे गप्प झाले, तर तिथे ते चित्र टाकायला अट्टल टवाळखोरही धजत नाही. खरं म्हणजे तिथे ती ओळ अक्षरशः लागू आहे, चित्रपटातल्याइतकी. पण प्रसंग मुळाशी इतका जुळला की सोंग घ्यायला जागाच उरत नाही, आणि मागे राहिलेलं दुःख ओळीत परत येऊन बसतं. त्याच्या उलट अडचण नव्या मुलांची. त्यांनी ओळ आधी पाहिलेली असते, चित्रपट नंतर. ‘शोले’ टीव्हीवर लागला आणि हंगल काठी टेकत आले, तेव्हा आमच्या घरातला आठवीतला भाचा फस्सकन हसला. पुढच्याच क्षणी घोड्यावर काय आहे ते त्याच्या लक्षात आलं. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबा म्हणाले, ‘बघ, बघ. पुढचं बघ.’