घड्याळाचा हिशोब, घामाचा घोळ

रत्नागिरीत भाट्ये बीचवर मी रोज पाच किलोमीटर चालतो. जानेवारीत माझ्या स्मार्टवॉचने २६० कॅलरी दाखवल्या. मे महिन्यात तेवढंच अंतर, तेवढाच वेळ, वजनही तेच सत्तर किलो, आणि आकडा ३५०! खूश होऊन मी आमरसाची दुसरी वाटी हाणली.

पण बॉस, गोची इथेच आहे. घड्याळ कॅलरी मोजतच नाही. मनगटावर हिरवा प्रकाश टाकून ते नाडीचे ठोके मोजतं आणि त्यावरून, वय-वजन धरून, कॅलरींचा अंदाज बांधतं. मेच्या दमट उकाड्यात अंग थंड ठेवायला हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं. ठोके वाढतात, पायांचं काम मात्र तेवढंच! घड्याळाला हा फरक कळत नाही.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत बरं उपकरणही साधारण २७ टक्के चुकलं.

तेव्हा ठोक्यांवर भरवसा ठेवा. अंतर तेच असताना कॅलरी अचानक वाढल्या, तर आधी हवा बघा. आणि आमरस? खा की, पण घड्याळाला विचारून नको!