बॅच वाढली की पाऊल किती वाढवायचं?

फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ साली रेझनेट-५० हे चित्रं ओळखणारं मॉडेल इमेजनेटच्या सुमारे १२ लाख ८० हजार चित्रांवर तासाभरात शिकवून दाखवलं. आठ जीपीयूंवर याच कामाला २९ तास लागत होते. त्यांनी २५६ जीपीयू जोडले हे खरं, पण नुसती यंत्रं वाढवून हे साधलं नसतं.

असं मॉडेल चित्रांचा एक गठ्ठा, म्हणजे बॅच, पाहतं. चूक कमी व्हायला आतले आकडे कुठे सरकवायचे याची त्या गठ्ठ्यापुरती सरासरी दिशा काढतं, तीच ग्रेडियंट, आणि एक पाऊल टाकतं. पावलाची लांबी ठरते लर्निंग रेटवरून. चूक उलट्या दिशेने मागे नेताना प्रत्येक चित्रासाठी प्रत्येक थरातून निघालेले आकडे हाताशी लागतात. त्यामुळे बॅच वाढली की मेमरीही वाढते. इथे एका जीपीयूला ३२ चित्रं दिली, आणि २५६ जीपीयूंची मिळून बॅच झाली ८,१९२.

मूळ बॅच २५६ ची. बत्तीसपट मोठ्या बॅचमध्ये दिशेतला गोंगाट सुमारे साडेपाचपट कमी होतो, कारण तो बॅचच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. पण सगळी चित्रं एकदा पाहून होईपर्यंत आधी ५,००० पावलं पडत, आता १५६ च पडतात. लांबी तीच ठेवली तर मॉडेल वाटेतच राहणार. म्हणून लर्निंग रेटही बत्तीसपट, ०.१ वरून ३.२ केला. एकाच दिशेची ३२ छोटी पावलं म्हणजे एक मोठं पाऊल, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब तेवढ्या अंतरात उतार फारसा बदलत नसेल तरच जुळतो, आणि सुरुवातीला तो झपाट्याने बदलतो. त्यामुळे पहिल्या पाच फेऱ्यांत रेट ०.१ वरून हळूहळू ३.२ वर नेला. याला वॉर्मअप म्हणतात. माझ्या मते खरं यश या साध्या युक्तीचं आहे. छोट्या बॅचची चूक २३.६० टक्के होती. वॉर्मअपसह मोठ्या बॅचची २३.७४ आली, वॉर्मअपशिवाय २४.८४. म्हणजे चुकीच्या रेटने शिक्षण कोसळतंच असं नाही. ते शेवटपर्यंत व्यवस्थित चाललेलं दिसतं आणि टक्काभर मागे राहतं.

त्याआधी २०१६ साली नितीश केसकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की मोठ्या बॅचचं मॉडेल शिकवलेल्या उदाहरणांवर तितकंच चांगलं असूनही नव्या उदाहरणांवर कमी पडू शकतं. छोट्या बॅचचा गोंगाट मॉडेलला अरुंद, खोल खड्ड्यांतून बाहेर काढतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहावेत. शिकवलेल्या चित्रांवरच चूक जास्त असेल तर आधी रेट आणि वॉर्मअप तपासायचा. तिथे बरोबरी आहे आणि फक्त नव्या चित्रांवर घसरण आहे, तर बॅच लहान करून पाहायची. ८,१९२ च्या पुढे मात्र याच प्रयोगात वॉर्मअप असूनही चूक वाढत गेली. शिवाय हा सरळ प्रमाणाचा नियम साध्या एसजीडीचा आहे. ॲडम वापरताना अनेक जण रेट वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढवतात.