तिघांमध्ये पहिलं कोण?

नोकरभरतीची गुणवत्ता यादी लावायची आहे. समितीने नियम केला: दोघांच्या गुणांत एक किंवा त्याहून कमी फरक असेल तर तो धरायचा नाही, वयाने मोठा तो आधी. फरक जास्त असेल तर ज्याचे गुण जास्त तो आधी. ऐकायला न्याय्य वाटतं. एका गुणापायी कुणी मागे का पडावं? प्रोग्रॅमरही तो जसाच्या तसा लिहून टाकतो:

```js
(a, b) => Math.abs(a.marks - b.marks) <= 1
  ? b.age - a.age
  : b.marks - a.marks
```

आता तीन उमेदवार घेऊ. अनघाला 80 गुण, वय 22. बाळूला 79, वय 24. चित्राला 78, वय 26. अनघा आणि बाळूत एकाच गुणाचा फरक, म्हणून वयाने मोठा बाळू पुढे. बाळू आणि चित्रातही तसंच, म्हणून चित्रा पुढे. म्हणजे चित्रा अनघाच्याही पुढे हवी. पण त्या दोघींत दोन गुणांचा फरक आहे, तिथे गुण बघायचे, आणि अनघा पुढे जाते. तिघं गोल फिरतात.

अशा वेळी संगणक काय करतो? हातात पत्ते लावतो तशी एक साधी पद्धत आहे: नवा उमेदवार घ्यायचा, लावलेल्या रांगेतल्या शेवटच्याशी तुलना करायची, नवा सरस असेल तर एक जागा पुढे सरकवायचा, नसेल तिथे थांबायचं. अर्ज अनघा, बाळू, चित्रा या क्रमाने आले तर बाळू अनघाच्या पुढे जातो. चित्राची तुलना रांगेतल्या शेवटच्या अनघाशी होते, ती हरते आणि तिथेच थांबते. बाळू पहिला. बाळूशी तुलना झाली असती तर चित्रा जिंकली असती, पण ती झालीच नाही. अर्ज बाळू, चित्रा, अनघा असे आले तर चित्रा पहिली. चित्रा, अनघा, बाळू असे आले तर अनघा पहिली. नियम तोच, गुण तेच, आणि नोकरी कुणाला हे ठरलं अर्जांच्या गठ्ठ्यावरून.

दोष पद्धतीचा नाही. हजार नावांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर जवळजवळ 5 लाख तुलना होतात. चांगली पद्धत साधारण 10 हजारांत काम उरकते. ही बचत होते ती एका विश्वासावर: क हा ख च्या आधी आणि ख हा ग च्या आधी, तर क हा ग च्या आधी असणारच, मग विचारायचं कशाला? दुसरा विश्वास त्याहून साधा. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर तेच यावं, आणि उलटा विचारला तर उत्तरही उलटं यावं.

हा दुसरा विश्वास मायक्रोसॉफ्टने 2010 मध्ये जाहीरपणे मोडला. युरोपात विंडोजवाल्यांना ब्राउजर निवडायचा पडदा दाखवावा लागत होता आणि पहिले पाच ब्राउजर दर वेळी यादृच्छिक क्रमाने यायला हवे होते. त्यासाठी सॉर्टला तुलनेचा नियम दिला तो `0.5 - Math.random()`, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला नाणेफेक. क्रम बदलायचा खरा, पण सारख्या शक्यतेने नाही. रॉब वीअर यांनी तपासलं तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हा पडदा उघडला की सुमारे निम्म्या वेळा एक्सप्लोररच पाचव्या जागी जात होता. कंपनीने स्वतःचाच ब्राउजर मागे टाकला, त्यामुळे हेतूबद्दल संशयाला फारशी जागा नव्हती. पुढे तो कोड दुरुस्त झाला.

असा घोळ सहसा बोंब मारत नाही. यादी नीटच दिसते. जावाच्या सातव्या आवृत्तीपासून (2011) वस्तूंच्या सॉर्टला विसंगती आढळली तर ते `Comparison method violates its general contract!` म्हणून थांबतं. पण नेहमी आढळतेच असं नाही. शिवाय 32 पेक्षा कमी घटक असतील तर ही तपासणीच होत नाही. चाचणीत दहा उमेदवार घातले की सगळं सुरळीत, आणि खरी यादी आली की प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून नियमच वेगळा तपासावा: नमुन्यातली तीन-तीन नावं घेऊन गोल फिरतात का ते बघावं, आणि यादी पिसून पुन्हा लावावी. समान ठरणारे कुणी नसताना निकाल बदलला तर नियमात खोट आहे.

समितीच्या नियमावर उपाय आहे, पण तो फुकटचा नाही. गुणांचे आधीच गट पाडायचे, 78-79 एक, 80-81 दुसरा. मग आधी गट, मग वय. आता चित्रा आणि बाळू एका गटात, अनघा वरच्या. क्रम अनघा, चित्रा, बाळू, अर्ज कसेही येवोत. बाळूची तक्रार मात्र राहणार: अनघाशी त्याचा फरक अजूनही एकाच गुणाचा आहे, आणि या वेळी वय त्याच्या उपयोगी पडलेलं नाही.