खिडकीची जाळी पुसताना मागे हात हवा

दसरा उलटला की घराघरांत सफाईला जोर चढतो. माळा आवरून होतो, पंख्याची पाती पुसून होतात आणि शेवटी मोर्चा वळतो खिडकीकडे. नेमके इथेच नुकसान होते. ब्लाइंडची पट्टी मधोमध मोडते, जाळीच्या कोपऱ्यातले रबर खाचेतून बाहेर येते, नाही तर जाळीला कायमचा फुगा येतो. कारण बहुतेक वेळा एकच असते. पातळ वस्तूवर एका बाजूने जोर दिला जातो आणि मागे आधार काहीच नसतो.

समजा, ठाण्यातल्या रहदारीच्या रस्त्यालगत एक फ्लॅट आहे. दिवाणखान्याच्या खिडकीला आतून अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड आहे, त्यामागे सरकती काच आणि सरकत्या चौकटीत बसवलेली डासांची जाळी. पावसाळाभर खिडकी उघडझाप होत राहिली, त्यामुळे ओल्या हवेतली धूळ जाळीच्या छिद्रांत चिकटून सुकली आहे. अशा वेळी आधी ब्लाइंड साफ करून पूर्ण वर ओढून घ्यावा आणि मग जाळीला हात घालावा. ब्लाइंड धुळीसकट वर गुंडाळला तर पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि रंगावर ओरखडे उठतात.

ब्लाइंडच्या पट्टीची ताकद तिच्या किंचित बाकात असते. पत्रा इतका पातळ असतो की तो बाक एकदा बोटाने दाबून सपाट झाला की तिथे घडी पडते, आणि ती घडी पुन्हा पूर्णपणे जात नाही. म्हणून पट्ट्या उघड्या ठेवून एकेक चिमटीत धरून ओढण्यापेक्षा बाजूची दांडी फिरवून ब्लाइंड आधी पूर्ण मिटावा. आता पट्ट्या एकमेकींवर किंचित चढतात आणि सलग पडद्यासारख्या उभ्या राहतात. डावा पंजा मागून सपाट टेकवावा आणि उजव्या हाताने कोरडे, मऊ मायक्रोफायबरचे फडके पट्टीच्या लांबीच्या दिशेने फिरवावे. वरच्या पट्टीपासून सुरुवात करून खाली यायचे. पट्ट्या बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांपाशी फडके अडकते. तिथे खेचू नये, दोरीच्या अलीकडे थांबून पलीकडून पुन्हा सुरुवात करावी. एक बाजू झाली की दांडी उलट फिरवून दुसरी.

कोरडे पुसल्यावरही डाग राहिलेच, तर फडके साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि तसेच फिरवावे. फडक्यातून थेंब गळत असेल तर पाणी दोऱ्यांत आणि वरच्या पेटीतल्या यंत्रणेत उतरते. लाकडी पट्ट्यांना तर पाणी लावूच नये, त्या फुगून वाकड्या होतात.

आता जाळी. ती कशाची आहे हे आधी पाहावे. फ्लॅटमधल्या करड्या किंवा काळ्या, मऊसर जाळ्या बहुधा फायबरग्लासच्या असतात, म्हणजे काचतंतूंवर प्लॅस्टिकचे आवरण. स्टीलची जाळी कडक आणि चकचकीत असते. अॅल्युमिनियमची हलकी असते, पण बोटाने दाबली की खळगा पडतो आणि तो तसाच राहतो. चौथा प्रकार म्हणजे खिडकीला वेल्क्रोने चिकटवलेली नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची जाळी.

कोणतीही जाळी असो, पहिला हात कोरडाच. सुकलेल्या धुळीवर थेट पाणी मारले की तिचा चिखल होतो, तो छिद्रांत बसतो, आणि मग तो काढायला माणूस घासू लागतो. जाळी फाटायची ती या घासण्यात. रंगकामाचा मऊ, रुंद कुंचला वरून खाली हलक्या हाताने फिरवला तरी बरीचशी धूळ सुटते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याला केसाळ ब्रशचे तोंड लावावे. नुसती नळी टेकवली तर ती सैल जाळी आत ओढून घेते.

ओल्या सफाईसाठी ३ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक लहान चमचा पुरतो. हात पोचत असेल आणि बाहेर ग्रिल किंवा बाल्कनी असेल, तर दोन स्पंज घ्यावेत, एक आतून आणि एक बाहेरून. दोन्ही समोरासमोर धरून एकाच वेळी खाली आणावेत. दोन्हीकडून सारखाच दाब पडत असल्यामुळे जाळी कोणत्याही बाजूला फुगत नाही. मग स्वच्छ पाण्याच्या स्पंजाने तेच पुन्हा. उंच मजल्यावर बाहेर ग्रिल नसेल तर हे करायला वाकू नये. आतूनच कुंचला आणि ओलसर स्पंज हलक्या हाताने फिरवून थांबावे.

स्वयंपाकघरातल्या जाळीवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर असतो. तिथे जोर वाढवून उपयोग नाही, वेळ द्यावा लागतो. साबणपाणी लावून दहा मिनिटे तसेच ठेवावे, मग स्पंज फिरवावा. थर एका फेरीत नाही गेला तर पुन्हा लावावे. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमच्या चौकटीला काळपट करतो आणि थिनर फायबरग्लासवरचे आवरण खातो. तारेची घासणी तर कोणत्याच जाळीला लावू नये.

सरकती चौकट काढता येत असेल तर ती दोन्ही हातांनी सरळ वर उचलावी, म्हणजे खालची कड रुळातून सुटते, आणि मग खालची बाजू आत घ्यावी. एकट्याने आणि घाईत हे करू नये, चौकट बाहेर निसटली तर खाली कोणाच्या तरी डोक्यात पडेल. न्हाणीघरात ती भिंतीला टेकवून उभी धुवावी. हँडशॉवरची धार जवळून मारली की जाळी खाचेतून सुटते. दोनेक हात लांबून, हलकी धार धरावी. धुऊन झाल्यावर चौकट तळहाताने थोपटली की छिद्रांत अडकलेले पाणी झडते. सावलीत उभी वाळवावी.

वेल्क्रोची जाळी मधोमध धरून ओढली तर शिवण उसवते. एका हाताने खिडकीवरची पट्टी दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने जाळीची कड कोपऱ्यापासून हळूहळू सोलत जावी. बादलीत अर्धा तास भिजवावी, चुबकावी, पण पिळू नये. खिडकीवरच्या पट्टीच्या आकड्यांत अडकलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढावी, नाही तर जाळी पुन्हा नीट चिकटत नाही.

धुताना कोपऱ्यातले रबर निघालेच तर जाळी कापायची गरज नाही. जाळी खाचेवर सपाट पसरावी आणि चमच्याच्या गोल दांड्याने रबर थोडे थोडे आत दाबत जावे. जाळी ढोलासारखी ताणू नये, जास्त ताणली की चौकटीच्या उभ्या पट्ट्या आत वाकतात आणि चौकट रुळात अडकू लागते.

सफाईनंतर जाळीवरून पांढरे, सुके फडके एकदा फिरवून पाहावे. फडक्यावर बारीक तंतू किंवा भुकटी आली, किंवा बोटाने हलके दाबल्यावर धागे तुटले, तर उन्हाने ती जाळी ठिसूळ झाली आहे. ती कितीही सांभाळून धुतली तरी टिकणार नाही. चौकट तशीच ठेवून फक्त जाळी बदलून घ्यावी.