काका निवृत्त होताना: दुकानाचा जुना कारभार पुढच्या हाती कसा द्यावा

आपल्या मंडळातील बऱ्याच कुटुंबांची इंदूरमध्ये दोन-तीन पिढ्यांची दुकाने आहेत. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी मालकाशेजारी पंचवीस-तीस वर्षे एकच मुनीमजी बसलेले असतात. नोकर म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही आणि भागीदार म्हणून त्यांचे नाव कुठे नसते. अशा माणसाने "आता दिवाळीनंतर येणे जमणार नाही" म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो, "मग त्यांच्या जागी कोण?" आम्ही मंडळातले तिघे-चौघे हिशेबाच्या कामातले असल्याने हा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून येतो. आमचे उत्तर असे की माणूस नंतर शोधा. आधी काकांच्या डोक्यात काय आहे ते कागदावर आणा, आणि त्यासाठी निदान एक वर्ष हाताशी ठेवा.

वर्ष का, ते कापडाच्या एका ठोक दुकानावरून सांगतो. दुकान दोन भावांच्या भागीदारीचे असून थोरल्या भावांचा मुलगा आणि धाकट्यांचा मुलगा दोघेही आता दुकानात बसतात. काका तिथे 31 वर्षे होते. गिऱ्हाईक म्हणजे धार, खरगोन, झाबुआ, देवास इकडचे छोटे दुकानदार. एकूण 118 खाती आणि 58 लाखांची उधारी. खतावणी संगणकावर होती, त्यामुळे मुलांना वाटले की सगळे लिहिलेलेच आहे, सोपवायचे काय उरले? पण संगणक कोणाकडे किती बाकी आहे एवढेच सांगत होता. ती बाकी कधी येणार, कोणाकडे मागायची आणि किती सोडायची, हे काकांनाच ठाऊक होते.

झाबुआकडचा दुकानदार होळीच्या आधी भगोरियाच्या हाटांसाठी माल उचलतो आणि पैसे हाट संपल्यावर देतो. सोयाबीन निघाल्याशिवाय देवासच्या एका गावातून रुपया हलत नाही, तर दुसऱ्या एकाचा हिशेब गहू विकल्यावरच मिटतो. कापडाच्या उधारीचे वर्ष असे हाट, पीक आणि लग्नसराईवर चालते. एखाद्या महिन्यात बसून हे शिकवता येत नाही, कारण त्या महिन्यात त्यातले अर्धे घडतच नाही. काका पुतण्याला म्हणाले ते आमच्या लक्षात आहे: "अरे, हा भगोरिया झाल्यावर देणारच. आत्ता फोन केलास तर चिडेल आणि पुढचा माल दुसरीकडून घेईल."

म्हणून त्या कुटुंबाने मागच्या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचा काळ ठरवला. सुरुवातीच्या महिन्यात रोज दुपारी जेवणानंतर तासभर काका आणि दोन्ही मुले बसत आणि पाच खाती घेत. प्रत्येक खात्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या: पैसे साधारण कधी येतात, दुकानात निर्णय कोण घेतो आणि काकांच्या मते जास्तीत जास्त किती उधारी द्यावी. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण मर्यादा कुठेच लिहिलेली नव्हती. माल मागायला आलेल्या माणसाकडे बघून काका ती ठरवत. मुले दोघेही हजर राहतील हा आग्रह आमचा होता. एकालाच सांगितले असते तर उद्या दुसरा म्हणाला असता, "मला कोणी सांगितलेच नाही."

वटावाची भानगड याच बैठकीत बाहेर आली. बिलावर दोन टक्के लिहिलेले असले तरी काही जुन्या गिऱ्हाइकांना काका रोखीवर चार टक्के सोडत आणि फरक वर्षअखेरीस एकत्र टाकत. यात लबाडी नव्हती, थोरल्या भावांना ते माहीत होते. धाकट्यांना नव्हते. तो दिवस दुकानात फारसा चांगला गेला नाही. पण काका असताना ते निघाले म्हणून तासाभरात खुलासा झाला. ते गेल्यावर निघाले असते तर संशय त्यांच्या नावावर कायमचा राहिला असता.

आता जुन्या येण्याविषयी. इथे पैसा खरोखर बुडतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती प्रत्येक बिलाची वेगळी मोजली जाते, उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. काकांच्या शब्दावर गिऱ्हाईक "देतो, देतो" म्हणत राहते आणि आपणही निर्धास्त राहतो, पण तोंडी कबुलीने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. काही रक्कम भरली आणि ती भरल्याचे देणाऱ्याच्या सहीचे लेखी काही असले, तरीही तसेच. म्हणून अशी रक्कम रोख न घेता चेकने घ्यावी. मुदत उलटून गेल्यावर घेतलेली नुसती कबुली मात्र उपयोगाची नसते.

या दुकानात 11 खाती अशी होती की त्यांची बाकी दोन वर्षांहून जुनी होती, मिळून 6 लाख 40 हजार. काकांनी थोरल्या मुलाला बरोबर घेऊन त्या अकराही ठिकाणी स्वतः चक्कर मारली. हे काम नवा माणूस करू शकला नसता, कारण सही मागितली की गिऱ्हाइकाला अविश्वास वाटतो. काका म्हणायचे, "मी आता घरी बसणार, माझ्या हातचा हिशेब चोख करून द्यायचाय." सात जणांनी बाकीच्या पत्रावर सही आणि शिक्का दिला. दोघांनी चेकने काही रक्कम भरली. एकाने सही द्यायला नकार दिला. त्याचे प्रकरण मुदत असतानाच वकिलांकडे गेले. अकरावा म्हणाला की 38 हजारांचा माल त्याने परत केला होता. काकांनी डोक्याला हात लावला. माल खरेच परत आला होता, पण त्याची नोंद राहून गेली होती. तो हिशेब दुरुस्त करून त्याचीही सही घेतली. काका गेल्यानंतर हा वाद निघाला असता तर गिऱ्हाईक खोटे ठरले असते.

सरकारी कामात नावाची आणि फोनची अडचण येते. काकांचे नाव जीएसटीच्या नोंदणीत सही करणारे म्हणून होते आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जात असे. इथे क्रम चुकवू नये. आधी भागीदाराचे नाव सही करणाऱ्यांत घालावे. पोर्टलवर हे `Amendment of Registration Non-Core Fields` मध्ये होते. मग त्यांना मुख्य सही करणारे करावे, ओटीपी नव्या फोनवर येतो याची एका रिटर्नच्या वेळी खात्री करावी आणि त्यानंतरच काकांचे नाव काढावे. ई-वे बिल, प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेची नेट बँकिंग यांचेही फोन नंबर तपासावेत. आणखी एक गोष्ट कोणी सहज कबूल करत नाही: काही गिऱ्हाइके घाईत काकांच्या स्वतःच्या मोबाइलवर यूपीआयने पैसे टाकत आणि काका ते लगेच दुकानात भरत. ही सवय काका असतानाच मोडावी. नाहीतर निवृत्त माणसाच्या खात्यात दुकानाचे पैसे पडत राहतील आणि त्यांनाच मनस्ताप होईल.

काकांचे देणे हा विषय मालक मंडळी शेवटी काढतात. आमच्या मते तो सगळ्यात आधी काढावा. आपले काय होणार हे न कळलेला माणूस मन मोकळे करून सांगत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. दुकानात 11 माणसे होती. दहा किंवा अधिक माणसांच्या दुकानाला ग्रॅच्युइटी लागू होते. काकांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 26,000 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचे 15,000 होतात. त्याला 31 वर्षांनी गुणले की 4,65,000 रुपये. वरचे चार महिने सुटतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त असते तर एक वर्ष आणखी धरले असते. ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते. पगारात इतर भत्ते मोठे असतील तर हिशेब बदलू शकतो, तो आपल्या सीएंकडून करून घ्यावा. याशिवाय काकांनी बरीच वर्षे दोन लाख रुपये विश्वासाने पेढीत ठेवले होते. ते व्याजासह चेकने परत केले आणि पोच घेतली. हे दोन्ही आकडे वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर लिहून काकांना आणि काकूंना घरी जाऊन दाखवले. त्यानंतरच खात्यांच्या बैठका मोकळ्या झाल्या.

"मग जागी कोण?" याचे उत्तर मधल्या काळात आपोआप थोडे सुटले. वसुली थोरल्या मुलाने घेतली, खरेदी धाकट्याने, आणि हिशेबासाठी एक नवी मुलगी ठेवली. पण काकांचे एक काम कोणालाच देता आले नाही. दोन्ही घरांच्या उचलीचा हिशेब ते ठेवत आणि एखाद्या घराची उचल जास्त झाली की त्या भावाच्या कानात हळूच सांगत. भावांमधली कुरबूर अशी गादीपर्यंत येतच नसे. चुलत भावंडांत असे मधले कोणी नसते. म्हणून आम्ही सुचवले की दर महिन्याची उचल दोन्ही घरांसाठी सारखी ठरवावी, त्यावर लागली तर दोन्ही भागीदारांची सही असावी, आणि हे भागीदारीच्या करारात पुरवणी म्हणून लिहावे. धाकट्या भावांना हे फार परकेपणाचे वाटले. आठ महिने गेले, मग सही झाली.

काम खरेच हाती आले का, हे पाहायला काकांना दोनदा 15 दिवसांची रजा दिली. फोन करायला मनाई नव्हती, पण केलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहायचा होता. पहिल्या रजेत 41 प्रश्न झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त वटावाचे आणि परत आलेल्या मालाचे निघाले. वटाव किती आणि कोणाला, याचा लेखी तक्ता त्यावरूनच झाला. दुसऱ्या रजेत नऊ प्रश्न झाले.

शेवटचे काम पत्रांचे. इतकी वर्षे काकांचा शब्द तोच दुकानाचा शब्द होता. कायद्याने, समोरच्याला अधिकार संपल्याचे कळेपर्यंत त्या शब्दाची जबाबदारी दुकानावर राहू शकते. म्हणून सर्व 118 खात्यांना, दलालांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना दोन्ही भावांच्या सहीचे पत्र गेले: काका अमुक तारखेपासून निवृत्त होत आहेत, यापुढे भाव, उधारी आणि वसुली यासाठी या दोघांशी बोलावे. पत्रात काकांच्या 31 वर्षांविषयी चार ओळी होत्या, त्या थोरल्या भावांनी स्वतः लिहिल्या. काका त्यानंतर सहा महिने आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या मानधनावर येत, सहीचा अधिकार न ठेवता. त्यांचा मोबाइल नंबर छापलेली बिलबुके तेवढी उरली होती, ती रद्द करून बांधून माळ्यावर टाकली.