बांधकामाच्या खर्चाचा अंदाज: तीन पद्धती आणि एका वसतिगृहाचा हिशेब

इमारतीला किती खर्च येईल, हा प्रश्न एकाच कामात निदान तीनदा विचारला जातो. पहिल्यांदा जागा ठरते तेव्हा, दुसऱ्यांदा मजले आणि क्षेत्रफळ ठरल्यावर, तिसऱ्यांदा नकाशे पूर्ण झाल्यावर. दर वेळी हाताशी असलेली माहिती वेगळी असते, म्हणून पद्धतही वेगळी लागते. या तीन पद्धतींना अनुक्रमे ॲनालॉगस, पॅरामेट्रिक आणि बॉटम-अप असे म्हणतात.

ॲनालॉगस पद्धतीत पूर्वी झालेल्या एखाद्या मिळत्याजुळत्या कामाचा खर्च घेऊन त्यात आकार, काळ आणि जागा यांनुसार फेरफार केला जातो. पॅरामेट्रिक पद्धतीत बऱ्याच जुन्या कामांवरून खर्च आणि एखादे मोजता येणारे परिमाण यांचा संबंध काढतात. बांधकामात हे परिमाण बहुधा बांधीव क्षेत्रफळ असते. बॉटम-अप पद्धतीत नकाशावरून कामाची प्रत्येक बाब मोजून तिला दर लावतात आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करतात.

तिन्ही पद्धती एकाच उदाहरणावर लावून पाहिल्या की त्यांतील फरक उघड होतो. तालुक्याच्या गावी १,२०० चौरस मीटरचे तीन मजली वसतिगृह बांधायचे आहे, असे धरू. त्याच प्रकारच्या चार पूर्ण झालेल्या इमारतींचे हिशेब उपलब्ध आहेत आणि त्यांचे खर्च एकाच वर्षाच्या किमतींवर आणलेले आहेत. पुढील आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत.

| इमारत | क्षेत्रफळ (चौ. मी.) | खर्च (लाख रुपये) | दर चौ. मी. (रुपये) |
|---|---|---|---|
| अ | ६०० | १७५ | २९,१६७ |
| ब | ९०० | २५२ | २८,००० |
| क | १,००० | २६१ | २६,१०० |
| ड | १,५०० | ३९२ | २६,१३३ |

ॲनालॉगस पद्धतीने इमारत क निवडली, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात २६१ × १.२ म्हणजे ३१३.२ लाख येतात. त्याऐवजी ब निवडली, तर २५२ × १,२०० ÷ ९०० म्हणजे ३३६ लाख. दोन्ही इमारती नव्या वसतिगृहासारख्याच आहेत, तरी उत्तरांत जवळजवळ २३ लाखांचे अंतर पडते. निवडलेल्या कामात काही विशेष घडले असेल, उदाहरणार्थ कंत्राटदाराने कमी दराची निविदा भरली असेल, तर ते विशेष नव्या अंदाजात जसेच्या तसे येते. ही पद्धत झटपट होते, पण तिचे उत्तर एकाच इमारतीच्या नशिबावर अवलंबून असते.

पॅरामेट्रिक पद्धत चारही इमारतींचा एकत्र विचार करते. तक्त्यातला शेवटचा स्तंभ पाहिला की लहान इमारती दर चौरस मीटरला महाग पडलेल्या दिसतात. कुंपणभिंत, फाटक, जमिनीखालची टाकी, पंप आणि वीजजोडणी यांचा खर्च इमारत लहान असली तरी फारसा कमी होत नाही. म्हणून सरासरी दराने गुणण्यापेक्षा खर्चाचे दोन भाग करणे योग्य ठरते: एक स्थिर, दुसरा क्षेत्रफळाबरोबर वाढणारा. चार बिंदूंना सर्वांत जवळची सरळ रेषा किमान वर्ग पद्धतीने काढली की हे सूत्र मिळते:

खर्च (लाखांत) = ३० + ०.२४ × क्षेत्रफळ

म्हणजे ३० लाख स्थिर आणि त्यावर दर चौरस मीटरला २४,००० रुपये. १,२०० चौरस मीटरसाठी ३० + २८८ = ३१८ लाख. चारही दरांची नुसती सरासरी (२७,३५०) घेऊन गुणले असते तर ३२८.२ लाख आले असते, कारण स्थिर खर्चाचा भार लहान इमारतींच्या दरांत जास्त असतो आणि सरासरीबरोबर तो मोठ्या इमारतीवरही चढतो.

आता दुरुस्त्या. जुने खर्च ज्या वर्षाच्या किमतींवर आहेत, तेव्हाचा निर्देशांक १०० आणि आजचा १०८ असेल, तर ३१८ × १.०८ = ३४३.४ लाख. जागेवर काळी माती आहे, त्यामुळे पाया खोल न्यावा लागेल आणि मुरुमाचा भराव घालावा लागेल. जुन्या इमारती मुरमाड जमिनीवर होत्या, म्हणून यासाठी ४ टक्के वाढ धरली: ३४३.४ × १.०४ = ३५७.२ लाख. एवढ्या माहितीवर एकच आकडा सांगणे योग्य नाही. १० टक्के खाली-वर धरून सुमारे ३२१ ते ३९३ लाख असा पल्ला सांगावा.

या सूत्राला मर्यादा आहेत. ते ६०० ते १,५०० चौरस मीटरच्या तीन मजली इमारतींवरून निघाले आहे. ४,००० चौरस मीटरला किंवा लिफ्ट असलेल्या सात मजल्यांना ते लावले, तर आकडा येईल, पण त्याला आधार नसेल. शिवाय चार इमारती ही फार लहान संख्या आहे. नवे काम पूर्ण झाले की त्याचा हिशेब जोडून रेषा पुन्हा काढावी.

नकाशे पूर्ण झाल्यावर बॉटम-अप अंदाज करता येतो. खोदाई, काँक्रीट, सळई, विटकाम, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या अशी प्रत्येक बाब मोजमाप तक्त्यात येते. पायाच्या २४ फुटिंग असतील आणि प्रत्येकी माप १.८ × १.८ × ०.४५ मीटर असेल, तर काँक्रीट ३५ घनमीटर भरते. त्याला दरसूचीतला दर लावला की त्या बाबीची रक्कम निघते. दरसूचीत नसलेल्या बाबीसाठी साहित्य, मजुरी आणि वाहतूक यांवरून दराचे पृथक्करण करावे लागते. या अंदाजाला वेळ लागतो, पण निविदा काढायला, बिले तपासायला आणि साहित्य मागवायला हाच उपयोगी पडतो.

त्याचा मोठा दोष असा की जी बाब लिहायची राहिली, तिची रक्कम शून्य धरली जाते. सांडपाण्याची बाहेरची वाहिनी किंवा खड्ड्यातले पाणी उपसणे तक्त्यात आले नाही, तर बेरीज नीटनेटकी दिसते, पण कमी असते. जुन्या इमारतींच्या अंतिम हिशेबात हे सगळे आलेले असते, त्यामुळे पॅरामेट्रिक आकडा इथे तपासणीला कामी येतो. वसतिगृहाचा बॉटम-अप अंदाज ३१० लाख आला, तर तो पल्ल्याच्याही खाली आहे. अशा वेळी आधी दरांवर संशय घेण्याऐवजी सुटलेल्या बाबी शोधाव्यात आणि मग मोजमापातली संख्या पुन्हा तपासावी. उलट तो ४२० लाख आला, तर एखादी बाब दोनदा मोजली गेली आहे का, किंवा नकाशात सूत्राच्या इमारतींपेक्षा वेगळे काही आहे का, हे पाहावे.

सार्वजनिक बांधकाम खात्यात आधी प्रशासकीय मान्यता आणि नंतर सविस्तर अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यता घेतात, तो क्रमही याच तर्काचा आहे. जागा पाहताना ॲनालॉगस, निधी मागताना पॅरामेट्रिक आणि निविदेसाठी बॉटम-अप वापरावी. मात्र आधीचा आकडा पुढच्या टप्प्यावर फेकून देऊ नये. दोन अंदाजांत फरक निघाला, तर त्याचे कारण कागदावर लिहिल्याशिवाय निविदा काढू नये.