पाणीयोजनेचा आराखडा मे महिन्यात करावा

सह्याद्रीच्या उतारावरच्या अनेक वाड्यांना डोंगरातला झरा पाणी देतो. तिथे एखादी स्वयंसेवी संस्था नळयोजना करायला जाते, तेव्हा पाइप आणि टाकी यांच्या अंदाजपत्रकापासून सुरुवात करायचा मोह होतो. पण त्याआधी एक मोजमाप व्हायला हवे, आणि तेही मे महिन्यात, गावकऱ्यांच्या हातून.

साधे उदाहरण घेऊ. समजा वाडीत 120 घरे आणि 600 माणसे आहेत. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले, तर 33,000 लिटर पाणी लागते. त्यात गुराढोरांचे पाणी धरलेले नाही. जानेवारीत झऱ्याखाली 20 लिटरची बादली 30 सेकंदांत भरते. म्हणजे दिवसाला 57,600 लिटर, भरपूर. मेअखेरीस तीच बादली भरायला 60 सेकंद लागतात. आता हातात 28,800 लिटर येतात आणि माणशी वाटा 48 लिटरवर उतरतो. जानेवारीच्या आकड्यावर बांधलेली योजना तिच्या पहिल्याच उन्हाळ्यात तोकडी पडणार. शिवाय हे 28,800 लिटर चोवीस तासांचे आहेत. रात्री वाहणारे पाणी साठवायला पुरेशी मोठी टाकी नसेल, तर प्रत्यक्षात मिळेल त्याहून कमी. म्हणून झऱ्याच्या वरच्या अंगाला समतल चर खणणे आणि पूरक स्रोत शोधणे, ही कामे पाइपलाइनच्या आधी आराखड्यात यायला हवीत.

दुसरा भाग पैशांचा. देखभालीला महिन्याला 7,200 रुपये लागतात असे धरले, तर घरटी 60 रुपये पाणीपट्टी बसते. तीस घरांनी भरणे सोडले की उरलेल्या नव्वद घरांवर 80 रुपये येतात. मग तीही कुरकुरू लागतात आणि पुढची दुरुस्ती रखडते. ओडिशातल्या ‘ग्राम विकास’ या संस्थेने यावर कडक नियम ठेवला: गावातले प्रत्येक कुटुंब तयार झाल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. प्रत्येक कुटुंबाने सरासरी हजार रुपये गावच्या कायम निधीत टाकायचे. ऐपत असलेल्याने जास्त, गरिबाने कमी. या निधीच्या व्याजातून पुढे गावात नवी घरे झाली की त्यांचीही सोय होते. सर्वांची संमती मिळवायला वेळ लागतो. पण त्या वेळातच दलित आणि आदिवासी घरांपर्यंत पाइप जाणार की नाही, याचा निकाल लागतो. म्हणून हा वेळ वेळापत्रकात मोकळेपणाने धरावा.

तिसरा भाग देखरेखीचा. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. त्यांच्या हाती खरे काम द्यायचे असेल, तर एक वही आणि दोन तपासण्या पुरेत.

पहिली तपासणी शेवटच्या घराची. पाणी सुटले की टाकीजवळच्या आणि टोकाच्या घरी दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहायचे. सुरुवातीला एक मिनिट आणि टोकाला दीड असेल, तर ठीक. टोकाचा आकडा आठवड्यागणिक वाढू लागला, तर वाटेत गळती आहे, व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही किंवा कोणी नळाला थेट मोटार लावली आहे. ही मोटार पाणी पळवते, आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणीही पाइपात ओढते.

म्हणून दुसरी तपासणी क्लोरीनची, तीही टोकाच्याच नळावर. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल या हिशेबाने 33,000 लिटरच्या टाकीला 165 ग्रॅम पावडर लागते. ती आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे आणि अर्धा तास थांबायचे. मग जलसुरक्षक टोकाच्या नळाचे पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकतो. पिवळी छटा आली तर क्लोरीन तिथवर पोहोचला आहे. पावडर नेहमीइतकी घालूनही रंग येत नसेल, तर उघड्या राहिलेल्या पिशवीत ओलाव्याने टीसीएलची ताकद गेली आहे, किंवा वाटेत घाण शिरते आहे. क्लोरीनने रंग येतो, तसा पाण्यातले लोहसुद्धा कधी फसवा रंग देते. म्हणून पावसाळ्यात नमुना प्रयोगशाळेतही पाठवावा.

वहीतले आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत, पाणीपट्टीच्या जमाखर्चासकट. टोकाच्या घरची बाई उठून “आमच्याकडे इतका वेळ लागत नाही, याच्या दुप्पट लागतो,” असे म्हणू शकली, तर देखरेख चालू आहे असे समजावे.

संस्थेने काढता पाय कधी घ्यावा, हेही आराखड्यातच लिहिलेले असावे. उद्‌घाटनाच्या दिवशी तर नाहीच. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा समितीने एकटीने योजना चालवावी, संस्थेने फक्त वही तपासावी. त्या वर्षात पाणीपट्टीतून दुरुस्त्या झाल्या, मेमध्ये टोकाच्या घरी पाणी पोहोचले आणि पावसात ओटीचा रंग टिकला, तरच योजना गावाची झाली असे म्हणून कागदावर सही करावी.